दुसरं पेन

उघड्या पेटीत हात घालताना मधवाले कधी घाई करत नसत. हातमोजे असले तरी बरेचदा ते काढून खिशात कोंबत, चौकट दोन्ही हातांनी अलगद उचलत. तिच्यावर मधमाश्यांचा जाड थर बसलेला असे, पण एकही माशी बावरत नसे. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मधवाल्यांना मात्र याच एका गोष्टीचा अभिमान होता. बोलणं बेताचं, चालणं बेंगरूळ, कपड्यांचं भान नाही, पण हात? हात एकदम शांत.

त्यांची बायको रस्त्यापलीकडच्या शाळेत गणित शिकवायची. आसपासच्या दोन पिढ्या तिच्याकडून भागाकार शिकल्या आणि सगळेच तिला बाई म्हणत. नवराही म्हणायचा, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. निवृत्त झाल्यावर बाईंनी मधाच्या बरण्या भरायचं, लेबलं चिकटवायचं काम अंगावर घेतलं. दारात मध घ्यायला येणाऱ्यांना त्या हसत सांगायच्या, "यांचा पहिला संसार माश्यांशी. मी आपली मागाहून आलेली. पण सवत म्हणून त्यांनी कधी त्रास दिला नाही हो मला."

बरीच वर्षं ते खरंही होतं. मग एके वर्षी अंगणात कपडे वाळत घालताना त्यांच्या पायाला माशी डसली. तसं आयुष्यात शंभरदा डसली असेल. या वेळी मात्र बघता बघता अंगभर लाल चट्टे उठले, घसा आवळला आणि बाई मोरीपाशी कोसळल्या. शेजारच्या बागवाल्याने आपल्या गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. माश्यांच्या सहवासात वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना पुन्हा पुन्हा डंख होतात आणि कधीतरी एखाद्याचं शरीर उलटतं. यापुढचा डंख किती भारी पडेल ते कुणी सांगू शकत नाही. मोठ्या इस्पितळात त्याच विषाची थोडी थोडी मात्रा टोचून शरीराला सवय लावतात, पण ते काम काही वर्षांचं असतं. ते सुरू करा, आणि तोवर ही औषध भरलेली, मांडीत टोचायची दोन पेनं कायम हाताशी ठेवा.

पेन कसं वापरायचं ते नर्सने शिकवलं. सुई नसलेलं, सरावाचं एक पेन तिच्याकडे होतं.

"असं मुठीत धरायचं, काठी धरतो तसं," ती म्हणाली. "मागचं निळं झाकण सरळ ओढून काढायचं. पुढचं टोक केशरी. सुई त्यातूनच येते, म्हणून त्याला हात लावायचा नाही. अंगठा कुठल्याच टोकावर ठेवायचा नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि कंबर यांच्या मधोमध टोचायचं. कपड्यावरून चालतं, फक्त खिसा किंवा जाड शिवण मध्ये येऊ देऊ नका. टच्च आवाज येईपर्यंत जोर लावून दाबायचं आणि तसंच धरून ठेवायचं. मोजायचे तीन. काही पेनांना दहा मोजायला सांगतात. तुमच्या पेनावर तीन लिहिलंय. नवीन घ्याल तेव्हा वाचून घ्या, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं."

"आणि मग?" बाईंनी विचारलं. वर्गात उत्तर अर्धं ठेवणाऱ्याला विचारायच्या तसंच.

"मग लगेच अॅम्ब्युलन्सची गाडी बोलवायची. पेशंटला बरं वाटलं तरी बोलवायची. औषधाचा जोर थोड्या वेळाने उतरतो, आणि गेलेला त्रास काही तासांनीसुद्धा परत येऊ शकतो, म्हणून दवाखान्यात देखरेखीखाली राहावंच लागतं. तोवर आडवं झोपवायचं, पाय जरा वर. उभं करायचं नाही, चालवायचं नाही. रक्तदाब पडलेला असतो. माणूस उठतो आणि तिथंच जातो. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं पेन द्यायचं. म्हणून तर दोन असतात."

बाईंनी ते नकली पेन मांडीवर तीनदा दाबून बघितलं. मधवाल्यांनी एकदा दाबलं आणि परत दिलं.

"पुन्हा करून बघा की," बाई म्हणाल्या.

"जमलं. त्यात काय एवढं?"

"काय हो, शिकवणारीला काही किंमत आहे की नाही?"

नर्स हसली, बाई हसल्या, आणि ते तिथंच राहिलं.

घरी आल्यावर मधवाले म्हणाले, पेट्या विकून टाकतो. बाईंनी ऐकून घेतलं नाही. "आणि मग दिवसभर माझं तोंड बघत बसणार? मला नाही परवडायचं ते." मोठ्या इस्पितळात जायचं दोघांच्याही मनात होतं. पण आधी फुलोरा आला, मग मध काढायचे दिवस आले, मग बाईंचे गुडघे दुखायला लागले. हंगाम संपला की जाऊ, असं दर हंगामाला ठरत गेलं.

त्याऐवजी त्यांनी घरात नियम लावून घेतले. मध काढायच्या दिवशी बाई घराबाहेर पडायच्या नाहीत, खिडक्यांना जाळ्या. मधवाले अंगातला पांढरा झगा आणि जाळीची टोपी बाहेरच झटकत, दाराबाहेरच्या खुंटीला टांगत आणि मगच उंबरा ओलांडत. पेनं स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी, बिनझाकणाच्या टोपलीत. ती मुदत संपायच्या आत बदलायचं कामही बाईच लक्षात ठेवायच्या.

त्या दिवशी सकाळपासून मध काढणं चाललं होतं. ऊन चढलं होतं, माश्या चिडलेल्या होत्या. मधवाले भरलेल्या चौकटी शेडमध्ये नेऊन ठेवत होते, इतक्यात स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला.

"अहो, या लवकर! लेकीचा फोन आहे. काहीतरी आनंदाचं सांगायचंय म्हणते, तुम्ही आल्याशिवाय सांगायची नाही."

लेक चार तासांवरच्या शहरात नोकरीला होती. कामाच्या वेळात तिचा फोन कधी येत नसे. मधवाले भराभर आले. टोपी काढून त्यांनी बाहेर ठेवली, पण झगा अंगावरच राहिला. टेबलावर फोन ठेवलेला, आवाज मोठा केलेला.

"बाबा आले का? ऐका. मला बढती मिळालीय. आणि बदली पण. तुमच्यापासून दोन तासांवर!"

"अगं बाई!" बाईंनी दोन्ही हात गालांना लावले. मग त्यांची नजर नवऱ्याकडे गेली. "हे काय? झगा घालून आत? काढा आधी तो. मधाने बरबटलाय नुसता."

मधवाल्यांनी चेन ओढली, बाहीतून हात काढले. बाईंनी उरलेला झगा त्यांच्या खांद्यावरून ओढून घेतला, पूर्वी घ्यायच्या तसा, घडी करून काखेत. आणि लगेच मान झटकली.

"स्स!"

"काय झालं?"

"काही नाही... मानेला..."

मधवाल्यांनी नखाने खरवडून काटा काढला. कॉलरच्या घडीत अडकून आलेली माशी फरशीवर पडून गोल फिरत होती.

"आई? काय झालं गं?" फोनमधून लेक.

"काही नाही, माशी चावली. तू बोल."

"बाबा, पेन!" लेक ओरडली. "पेन द्या आधी!"

मधवाले फळीकडे वळले. बाईंनी त्यांचा दंड धरला. "थांबा हो. अजून काही होत तर नाहीये. मी गोळी घेते अंगावरच्या खाजेची. उगाच वाया जायचं ते."

इथं मधवाले थांबले. बायकोचं ऐकायची इतक्या वर्षांची सवय. बाईंनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या, खुर्चीत बसल्या, लेकीला नव्या घराचं विचारू लागल्या. लेक नुसती "आई, ऐक ना, आई" म्हणत होती. आणि मग बाईंचा आवाज बसला. सर्दी झाल्यासारखा, आतून. त्यांनी तळहात खाजवले. ओठ जाड झाले. खुर्चीतच पुढे वाकून त्यांनी गाऊनवर उलटी केली, आणि वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला काहीतरी वाईट होतंय."

श्वासाला शिट्टी लागली होती.

मधवाल्यांनी त्यांना काखेत धरून फरशीवर उतरवलं आणि टोपली ओढली. एक पेन नळकांड्यातून काढलं. निळं झाकण ओढून फेकलं. इथवर सगळं बरोबर. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की हे पेन आहे आणि पेनाला मागे दाबतात. त्यांच्या मुठीत ते उलटं आलं होतं. उघडं मागचं टोक बाईंच्या मांडीवर टेकलं, केशरी टोकावर अंगठा ठेवला आणि सगळा जोर एकवटून त्यांनी दाबलं.

टच्च झालं. अंगठ्यातून हाडापर्यंत कळ गेली. त्यांच्या तोंडून किंकाळी फुटली.

"बाबा! काय झालं? दिलं का? बाबा, दिलं का पेन?"

त्यांनी हात झटकला तसं ते पेन घरंगळत टेबलाखाली गेलं. अंगठ्याच्या पेरावर रक्ताचा एक थेंब. बाईंच्या मांडीवर काहीच नव्हतं.

"बाबा!"

"दिलं," मधवाले म्हणाले.

का म्हणाले ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. कदाचित पुढच्याच क्षणी ते खरं होणार होतं म्हणून.

"मी बागवाल्या काकांना फोन करते, तुम्ही गाडी बोलवा!" म्हणत लेकीने फोन ठेवला.

दुसरं पेन. आता त्यांचे हात असे कापत होते की नळकांडं उघडायला दात लावावे लागले. त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं. केशरी खाली. मूठ आवळली, दुखरा अंगठा बोटांवर दुमडून घेतला. निळं झाकण ओढलं. बाईंच्या उजव्या मांडीची बाहेरची बाजू, मधोमध. गाऊनला खिसा डावीकडे होता, इथं एकेरी कापड. दाबलं. टच्च. एक. दोन. तीन. मग भीतीने आणखीही मोजत राहिले. उचललं तेव्हा केशरी टोक पुढे सरकून सुई झाकली गेली होती आणि कापडावर एक ठिपका उमटला होता.

त्यांनी आपला फोन काढून गाडीचा नंबर लावला.

"माशी डसलीय," ते ओरडले. "बायकोला. अॅलर्जी आहे, मोठी. श्वास लागलाय. पेन टोचलंय."

फोनवरची बाई शांत होती. तिने ठिकाण विचारलं, परत म्हणून दाखवलं, गाडी निघतेय म्हणाली. "शुद्धीवर आहेत? बोलतात? झोपवा त्यांना सरळ, पायांखाली काहीतरी द्या. झोपून दम लागत असेल तर पाठीला टेकू देऊन बसवा, पण पाय लांब जमिनीवरच राहू देत. उलटी आली तर कुशीवर वळवा. काहीही झालं तरी उभं करू नका, आणि फोन चालूच ठेवा."

मधवाल्यांनी बाईंची पाठ कपाटाला टेकवली, पाय लांब केले, मागे उशी दिली. आणि खरंच, हळूहळू उतार पडला. शिट्टी कमी झाली. ओठांना रंग आला. बाईंनी डोळे पुसले.

"छाती केवढी धडधडतेय."

"औषधाने होतं ते. बोलू नकोस."

"तुम्ही कशाला ओरडलात?"

"काही नाही."

बाईंनी गाऊनकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "शी. मला मोरीपर्यंत जाऊ द्या. तोंड धुते, दुसरा घालते. गाडीवाले येतील, असं कसं दिसतंय हे?"

"नाही."

"अहो, दोन पावलं तर आहेत. बरं वाटतंय मला."

"बसून राहा म्हटलं ना!"

इतक्या वर्षांत ते बाईंवर असे कधी ओरडले नव्हते. बाईंनी उठायला टेकलेला हात परत घेतला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "बरं बाबा, बसते. ओला फडका तरी द्याल?"

मधवाल्यांनी फडका भिजवला, त्यांचं तोंड पुसलं, गळा पुसला, गाऊनवरचं जमेल तेवढं पुसलं. पुसताना त्यांचं लक्ष आपल्या अंगठ्याकडे गेलं. तो मेणासारखा पांढरा पडला होता. फडक्याचं पाणी गार आहे की नाही तेही त्याला कळत नव्हतं.

"दोन तासांवर येणार," बाई म्हणाल्या. "रविवारी येईल म्हणजे आता. नाही का?"

"दर रविवारी येईल."

"तिला वरची खोली..."

पुढचं ऐकू आलं नाही. बाईंनी हात गळ्याकडे नेला. शिट्टी परत आली, आधीपेक्षा बारीक. कपाळावर घाम फुटला आणि मान एका बाजूला झुकू लागली.

"परत होतंय!" मधवाले फोनमध्ये ओरडले. "परत होतंय तिला!"

"आडवं करा त्यांना, पाय वर घ्या. पेन देऊन पाच मिनिटं झालीत. दुसरं पेन घ्या आणि मांडीला द्या."

मधवाल्यांची नजर टेबलाखाली गेली.

"हॅलो? दोन असतात तुमच्याकडे. दुसरं द्या."

"नाहीये."

"बघा नीट, शेजारीच असेल."

"ते गेलं," मधवाले म्हणाले. "माझ्या अंगठ्यात गेलं."

मग त्याच शांत आवाजात ती म्हणाली, "ठीक आहे. गाडीत औषध आहे. गाडी रस्त्यात आहे. तुम्ही त्यांच्याजवळ राहा, मी तुमच्याजवळ आहे."

मधवाल्यांनी टेबलाखाली हात घातला. पहिलं पेन सापडलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, हलवलं, पुन्हा बाईंच्या मांडीवर दाबलं, पुन्हा दाबलं. रिकामं पेन ते. आत काय उरलं असलं तरी ते बाहेर काढता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तिसऱ्यांदाही दाबून बघितलं.

बागवाला धावत आला तेव्हा मधवाले बाईंचे पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि मोठमोठ्याने त्यांना हाका मारत होते. नावाने. त्या नावाने बाईंना कुणी हाक मारत असे हे बागवाल्याला माहीतच नव्हतं.

"श्वास चालू आहे का?" फोनवरून आवाज आला. "छाती वर-खाली होतेय का बघा."

बागवाला खाली वाकला. "नाही वाटत. मधूनच आचका देतायत."

"तो श्वास नव्हे. पाय सोडा. पाठीवर सरळ ठेवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक, आणि दाबा. जोरात आणि भराभर. मी मोजते."

ती मोजत राहिली. मधवाले दाबत राहिले. दम संपला की बागवाला बसायचा, मग पुन्हा मधवाले. घामाचे थेंब बाईंच्या तोंडावर पडत होते आणि ते पुसायला कुणाला उसंत नव्हती. एकदा दाबताना तळहाताखाली काहीतरी कडकन मोडलं. मधवाले थांबले.

"थांबू नका," फोन म्हणाला.

गाडी आली ती बागेच्या वळणाने, धूळ उडवत. दोघं आत शिरले. एकाने लगेच मांडीला सुई टोचली, दुसऱ्याने नळी, ऑक्सिजन, हातात सलाईन, छातीवर पट्ट्या. ते एकमेकांशी इतकं थोडं बोलत होते की मधवाल्यांना त्यातलं काही समजेना. शेवटी एकाने मान वर केली. "नाडी लागली. चला."

मधवाल्यांच्या जिवात जीव आला. गाडीत मागे बसून त्यांनी बाईंचं पाऊल धरून ठेवलं, कारण धरायला तेवढंच मोकळं होतं.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. बाईंना आत नेल्यावर त्या बाहेर आल्या ते दुपार उलटल्यावर. लेक नुकतीच पोचली होती, धावतपळत, कामावरच्याच कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र तसंच. बापाच्या खांद्याला लागून उभी होती.

"किती पेनं दिली आणि साधारण कधी, ते नोंदीसाठी सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दोन," लेक म्हणाली. "पहिलं मी फोनवर असतानाच दिलं ना, बाबा?"

मधवाल्यांनी अंगठा पुढे केला. तो अजून पांढराफटक होता, कडेने निळसर.

"एकच दिलं," ते म्हणाले. "पहिलं माझ्या हातात गेलं. उलटं धरलं मी. आणि तेही लगेच नाही दिलं. ती गोळी घेते म्हणाली, मी ऐकलं."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही मला दिलं म्हणालात."

"म्हणालो."

खांद्याला टेकलेला तिचा खांदा बाजूला झाला. ती भिंतीलगतच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. मधवाले अलीकडे बसले, मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

मधवाल्यांचा अंगठा एका नर्सने कोमट पाण्यात बुडवून ठेवला. दर थोड्या वेळाने ती नख दाबून बघायची, रंग परततोय का ते. औषधाने रक्तवाहिन्या आवळतात, बोटाला रक्त मिळत नाही, कधीकधी बोट जातंही, असं तिने सांगितलं. मधवाले मनातल्या मनात म्हणत राहिले, जाऊ दे. जाऊ दे ते. पण संध्याकाळपर्यंत नखाखाली गुलाबी रेघ आली, मुंग्या आल्या, अंगठा ठणकू लागला. "वाचला बघा," नर्स खुशीने म्हणाली, आणि मग कुणाशी बोलतेय ते लक्षात येऊन तिने मान खाली घातली.

बाई मात्र जाग्या झाल्या नाहीत. हृदय चालू झालं होतं, पण मधल्या वेळात डोक्याला रक्त पुरलं नव्हतं. यंत्र श्वास देत होतं. लेक एका बाजूला बसायची, बाप दुसऱ्या बाजूला. लेक आईशी बोलायची, नव्या घराबद्दल, खिडकीतून काय काय दिसेल त्याबद्दल. मधवाले बाईंचं पाऊल धरून बसायचे. पुढे एक दिवस डॉक्टरीणबाईंनी दोघांना खोलीत बोलावलं आणि तपासण्यांत काय दिसलं ते सांगितलं. लेकीने विचारलं, "काहीच आशा नाही?" त्या म्हणाल्या, "काहीच नाही."

लेक बाहेर गेल्यावर मधवाले तिथंच थांबले.

"दुसरं पेन मिळालं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "शक्यता वाढली असती. वाचल्या असत्याच असं मला म्हणता येणार नाही. वेळेत दोन्ही मिळूनही काही जण जातात. आणि वाचल्या नसत्या असंही मला म्हणता येणार नाही."

मधवाल्यांना यातलं एक काहीतरी हवं होतं. माफी तरी, नाहीतर शिक्षा. त्यांनी हात जोडले आणि ते बाहेर आले.

बाई त्याच संध्याकाळी गेल्या.

त्यानंतर लेक घरी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्यांचं बघितलं, आईचे कपडे लावले, लेबलं एका खोक्यात भरली. शाळेतून शिकून गेलेले टक्कल पडलेले लोक येऊन ढसाढसा रडले. भेटायला आलेल्यांना बागवाला दारातच सांगायचा, "मधवाल्यांनी काही कमी केलं नाही हो. पेन दिलं, छाती दाबली, सगळं केलं." लेक ते ऐकायची. एकदाही "नाही" म्हणाली नाही आणि एकदाही "हो" म्हणाली नाही. बापाला जेवायला वाढायची, औषध लावून अंगठ्याला पट्टी बांधायची, अगदी हलक्या हाताने. पण त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही.

पेट्या बागवाल्याच्या ओळखीच्या एकाने नेल्या. ट्रक भरताना मधवाले घरात बसून राहिले. त्या माणसाने आत येऊन विचारलं, "जरा हात लावता का? तुमच्यासारखं शांतपणे उचलणं आम्हाला जमत नाही." मधवाल्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

लेकीच्या जायच्या दिवशी दोघं बस थांब्यावर आली. ऊन तापलेलं होतं, थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. बस लांबून दिसायला लागली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"बाबा, मला माहितीय तुम्ही मुद्दाम नाही केलंत. कुणाच्याही हातून होतं, डॉक्टर पण म्हणाल्या."

"हं."

"मी रागावलेली नाही, असं म्हणून मग निघायचं असं मी ठरवलं होतं. रोज ठरवत होते." तिने पिशवीचा बंद मुठीत आवळला. "ते येतच नाहीये तोंडातून. त्या एका शब्दावर अडतंय सगळं. तुम्ही दिलं म्हणालात, आणि मी फोन ठेवला. लाइनवर राहिले असते तर एकच पेन उरलंय हे कळलं असतं मला, काकांना गाडीच घेऊन पाठवलं असतं. निदान तिचा आवाज तरी ऐकला असता."

"ती तुझंच बोलत होती," मधवाले म्हणाले. "रविवारी येशील म्हणाली."

लेकीचा चेहरा चुरगळला. हे ऐकायला नको होतं की हवं होतं, ते तिलाही कळलं नसावं. बस येऊन थांबली, दार उघडलं. ती चढली, खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. बस सुटताना तिने काचेला हात लावला. हलवला नाही, नुसता टेकवला.

मधवाले धूळ खाली बसेपर्यंत उभे राहिले. येत्या रविवारी ती येईल का, हे विचारायला हवं होतं असं त्यांना वाटलं. बस वळण घेऊन दिसेनाशी झाली होती. आता कुठे जायचं ते काही केल्या त्यांना सुचेना. म्हणून ते थांब्याच्या तापलेल्या बाकावर बसले आणि तिथंच बसून राहिले.